हाताने ढकलायचा फवारणी पंप: प्रकल्प अहवालाची प्रस्तावना लिहिताना पडणारे प्रश्न

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला 'कमी खर्चाचा, हाताने चालणारा फवारणी पंप' हा विषय घेणारा एखादा तरी गट माझ्याकडे दरवर्षी असतो. मी विदर्भात शिकवतो, घरी कपाशीची शेती आहे, आणि पाठीवर पंप घेऊन मी स्वतः फवारलं आहे. मुलं यंत्र बहुतेक वेळा नीट बनवतात. अडतात ती पहिल्या प्रकरणापाशी. दरवर्षी येणारे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: एका चाकाची, पुढे ढकलत न्यायची गाडी. तिच्यावर 16 लिटरची टाकी. चाक फिरलं की सायकलच्या साखळीवरून क्रँक फिरतो, क्रँक पिस्टन पंप चालवतो आणि तीन नोझलमधून फवारा निघतो. पीक कपाशीचं, दोन ओळींत 90 सेंमी अंतर. अहवाल तुम्हाला इंग्रजीत द्यायचा असेल, तरी पहिला खर्डा मराठीत लिहून पाहा. जे वाक्य मराठीत पोकळ वाटतं ते इंग्रजीतही पोकळच असतं, फक्त तिथे ते लवकर लक्षात येत नाही.

सुरुवात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' अशी केली तर चालेल का?

नको. ते वाक्य ट्रॅक्टर, ठिबक, कांदाचाळ अशा कुठल्याही प्रकल्पाला लागू पडतं, म्हणून तुमच्या पंपाबद्दल ते काहीच सांगत नाही. शिवाय त्याला जोडून 'सत्तर टक्के लोक शेतीवर अवलंबून' असा आकडा येतो, तो जुना आहे. 2011 च्या जनगणनेत शेतकरी आणि शेतमजूर मिळून एकूण कामकऱ्यांच्या 54.6 टक्के होते, आणि केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात 2023-24 साली शेतीतल्या रोजगाराचा वाटा सुमारे 46 टक्के आला. बाह्य परीक्षकाने नेमका हाच आकडा विचारला तर पहिल्याच ओळीत अडकाल.

देश किंवा राज्य पातळीवरचा एखादा आकडा हवाच असेल तर यंत्राच्या आकाराशी नातं असलेला घ्या. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. हा आकडा तुमच्या कामाचा आहे, कारण एवढ्या क्षेत्रासाठी ट्रॅक्टरवरचा बूम स्प्रेअर कोणी घेत नाही. त्या शेतात पाठीवरचाच पंप चालतो, आणि तुमचं यंत्र त्याच पंपाची जागा घेऊ पाहतं आहे.

मग पहिल्या परिच्छेदात काय लिहायचं?

आज हे काम कसं होतं ते लिहा. पंप, माणूस, पीक आणि एक एकर. माझ्या एका गटाने लिहिलेला परिच्छेद मी अजूनही नमुना म्हणून दाखवतो. त्याचा सारांश असा:

'कपाशीला एकरी सुमारे 200 लिटर पाणी फवारलं जातं. 16 लिटरच्या पाठीवरच्या पंपाने हे करताना टाकी 12 ते 13 वेळा भरावी लागते. भरलेला पंप साधारण 20 किलोचा होतो. एका हाताने दांडा मारत आणि दुसऱ्या हाताने नळी फिरवत मजूर चालतो. एका नोझलमधून मिनिटाला 0.65 लिटर द्रावण बाहेर पडत असेल, तर एका एकराला नुसत्या फवारणीचेच 308 मिनिटं लागतात. मिनिटाला 20 हापसे धरले तर दांडा सहा हजारांहून जास्त वेळा खालीवर होतो.'

यात कुठेही 'अत्यंत कष्टदायक' किंवा 'शेतकऱ्यांचा कणा मोडणारं' असं म्हटलेलं नाही. सहा हजार हापसे वाचल्यावर ते वेगळं सांगावं लागत नाही.

हे आकडे कुठून मिळतील? नेटवर तर प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत.

शेतात जाऊन मोजा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि प्रस्तावनेतला सगळ्यात भक्कम भाग यातूनच तयार होतो.

तीन गोष्टी मोजायच्या. पहिली, नोझलचा प्रवाह. टाकीत साधं पाणी भरा. ज्या माणसाला रोज फवारायची सवय आहे त्यालाच दांडा मारायला सांगा आणि एक मिनिटभर नोझलचं पाणी मोजपात्रात धरा. तीनदा करून सरासरी घ्या. तुम्ही स्वतः दांडा मारू नका. नवखा माणूस जोरात सुरू करतो आणि दोन मिनिटांत ढिला पडतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. दुसरी, चालण्याचा वेग. ओळीत 30 मीटरवर खुणेची काठी रोवा आणि फवारत चालताना लागलेली सेकंदं मोजा. मोकळ्या रस्त्यावर मोजलेला वेग चालत नाही, कारण ढेकळांतून आणि फांद्या चुकवत माणूस बराच हळू चालतो. तिसरी, टाकी भरायला लागणारा वेळ. ही मोजायला बहुतेक गट विसरतात, आणि पुढचं सगळं गणित नेमकं तिथेच बिघडतं.

मोजणीची तारीख, गाव, पिकाची उंची, जमीन ओली होती की कोरडी, आणि पंप किती जुना होता, हे वहीत लिहून ठेवा. वॉशर झिजलेल्या पंपाला जास्त हापसे लागतात. परीक्षक तोच प्रश्न विचारतो.

समस्या-विधान कसं लिहायचं? आमचं नेहमी 'फवारणी सोपी करणे' एवढंच होतं.

समस्या-विधानात तीन गोष्टी याव्यात: आज किती लागतं, त्यातलं किती कमी करायचं आहे, आणि ते करताना काय बदलू द्यायचं नाही. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी नसतेच. एकरी पाण्याचं प्रमाण निम्मं केलं तर वेळही निम्मा होईल, पण औषध पिकावर नीट बसणार नाही. म्हणून 'एकरी 200 लिटर तसंच ठेवून' असं आधी बांधून घ्यावं लागतं.

आपलं उदाहरण सोडवून पाहू. किती प्रवाह लागेल यासाठी एक नेहमीचं सूत्र आहे:

```
Q = R × V × W / 600
```

इथे Q म्हणजे लिटर प्रति मिनिट, R म्हणजे लिटर प्रति हेक्टर, V म्हणजे किलोमीटर प्रति तास आणि W म्हणजे एका फेरीत फवारली जाणारी रुंदी, मीटरमध्ये. एकरी 200 लिटर म्हणजे हेक्टरी जवळपास 500. चालण्याचा वेग 2.5 आणि रुंदी 0.9 धरली तर Q येतो 1.875 लिटर प्रति मिनिट. हा प्रवाह तीन नोझलमध्ये वाटला की प्रत्येकी 0.625 लिटर. हाताच्या पंपाचं हॉलो कोन नोझल साधारण इतकंच देतं, म्हणजे बाजारातलीच नोझल वापरता येतील. 'तीन नोझल का?' याचं उत्तर या एका ओळीत मिळतं.

आता वेळ. 200 लिटर 1.875 ने भागले की 107 मिनिटं. जुन्या पद्धतीत 308 होती. इथे मुलं खूश होऊन 'तिप्पट वेग' असं लिहून टाकतात. पण टाकी तेवढीच, 16 लिटरची आहे, म्हणून ती अजूनही 13 वेळा भरावी लागणार. एका भरणीला सहा मिनिटं धरली तर 78 मिनिटं दोन्हीकडे सारखीच जातात. म्हणजे 386 विरुद्ध 185. फायदा दुपटीचा आहे, तिपटीचा नाही. दुप्पटही काही कमी नाही, आणि ते विधान तोंडी परीक्षेत टिकतं.

त्यावरून समस्या-विधान असं होईल: 'एकरी 200 लिटर द्रावणाचं प्रमाण कायम ठेवून, पाठीवर ओझं न घेता आणि दांडा न मारता, एका माणसाला एक एकर कपाशी भरणीच्या वेळेसह सुमारे साडेतीन तासांत फवारता येईल, असं हाताने ढकलायचं यंत्र तयार करणे.' थोडी सवड ठेवण्यासाठी तीन तास पाच मिनिटांचं साडेतीन केलं आहे, कारण ओळीच्या टोकाला वळण्याचा वेळ आपण धरलेलाच नाही.

बॅटरीवरचे पंप गावोगावी आले आहेत. मग हा कशाला, असं विचारलं तर?

विचारतीलच, आणि तोंडी परीक्षेची वाट न पाहता याचं उत्तर प्रस्तावनेतच द्यायला हवं. बॅटरी पंपाचा उल्लेखच टाळणारी प्रस्तावना दहा वर्षं जुनी वाटते.

बॅटरी पंपाने हापसे संपतात, हे मोकळेपणाने मान्य करा. ओझं मात्र संपत नाही. नेहमीच्या पंपात 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते, ती दोन-अडीच किलोची, त्यामुळे भरलेला बॅटरी पंप हाताच्या पंपापेक्षा जडच भरतो. शेतात वीज नसते, म्हणून बॅटरी रात्री घरी चार्ज करावी लागते, आणि ती एक-दोन हंगामांत दमते. तुमच्या यंत्रात हापसे आणि ओझं, दोन्ही जातात. त्याबदल्यात ढकलण्याचा जोर लागतो. तुलना अशीच मांडा, कारण पुढची सगळी चर्चा त्या जोराचीच आहे.

डिझाइनची गणितं प्रस्तावनेत घ्यायची का?

सविस्तर नाही, ती तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात जातील. पण 'हे माणसाला ढकलता येईल का' याचा ढोबळ हिशोब मी प्रस्तावनेत एका परिच्छेदात मागतो. सगळा प्रकल्प त्याच्यावर उभा असतो, आणि कित्येक गट तो यंत्र बनवून झाल्यावर करतात.

पंपाला किती शक्ती लागते ते आधी बघू. 3 बार दाब आणि मिनिटाला 1.875 लिटर यांचा गुणाकार केला की फक्त 9.4 वॅट येतात. साखळी, क्रँक आणि पिस्टनचं घर्षण धरून एकूण कार्यक्षमता निम्मी मानली, तर 19 वॅट. मिनिटाला 41.7 मीटर, म्हणजे सेकंदाला 0.69 मीटर चालताना हा भार ढकलण्यात 27 न्यूटन इतका जाणवेल.

आता चाक. गाडी 14 किलोची आणि द्रावण 16 किलोचं, मिळून 30 किलो, म्हणजे 294 न्यूटन. भुसभुशीत जमिनीत लोळण-विरोधाचा गुणांक 0.2 धरला तर नुसती गाडी पुढे न्यायलाच 59 न्यूटन लागतात. एकूण 86 न्यूटन, शक्तीत सांगायचं तर 60 वॅट. सुदृढ माणूस सलग काही तास साधारण 75 वॅट देऊ शकतो असं धरतात. म्हणजे यंत्र चालेल, पण फार मोकळीक नाही.

या हिशोबातून एक गोष्ट उघडी पडते, आणि ती प्रस्तावनेत लिहिण्याजोगी आहे. माणसाची दोन तृतीयांश ताकद फवारणीवर जात नाही, चाक मातीतून ओढण्यावर जाते. म्हणून पंपाचं घर्षण थोडं कमी करण्यापेक्षा चाक मोठं आणि रुंद घेणं, सांगाड्याचं वजन घटवणं याने जास्त फरक पडतो. जोड किती भक्कम आहे हे दाखवायला जाड अँगल वापरून 25 किलोचा सांगाडा करणारे गट मी पाहिले आहेत. प्रयोगशाळेच्या फरशीवर तो छान फिरतो आणि शेतात दोन ओळींत माणूस थांबतो.

उद्दिष्टं किती असावीत?

चार पुरतात. प्रत्येक उद्दिष्ट असं हवं की शेवटच्या प्रकरणात त्याच्यापुढे 'झालं' किंवा 'झालं नाही' असं लिहिता येईल. 'शेतकऱ्यांचं जीवनमान उंचावणे' याच्यापुढे काय लिहाल?

आपल्या यंत्रासाठी मी ही चार घेतली असती. तीन नोझलचा मिळून प्रवाह 1.875 लिटर असावा, दहा टक्के इकडेतिकडे. तीन नोझलमधला आपापसातला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. भरलेल्या टाकीसह, कोरड्या मशागत केलेल्या जमिनीत, ढकलण्याचा जोर 90 न्यूटनच्या आत राहावा. आणि रिकाम्या गाडीचं वजन 14 किलोच्या आत असावं. जोर मोजायला महागडं उपकरण लागत नाही. हँडलला दोरी बांधून मध्ये साधा स्प्रिंगचा काटा अडकवा आणि दुसऱ्याला ओढायला लावा. फक्त काटा किलो दाखवतो, त्याला 9.81 ने गुणायला विसरू नका, आणि दोरी हँडलच्या दिशेतच ओढा.

'कमी खर्चाचा' हे कशावरून म्हणायचं?

कशाच्या तुलनेत, हे आधी सांगा. जवळच्या दोन कृषी सेवा केंद्रांतून हाताच्या पंपाचं आणि बॅटरी पंपाचं लेखी दरपत्रक घ्या आणि तारखेसह परिशिष्टात लावा. प्रस्तावनेत फक्त तुलनेचं एक वाक्य येऊ द्या.

यातली नेहमीची चूक मजुरीची असते. साहित्य भंगारातल्या सायकलचं, वेल्डिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये फुकट, आणि खर्च लिहायचा फक्त नटबोल्ट-पाइपचा. असा आकडा हाताच्या पंपाइतका खाली येतो, पण गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने तेच यंत्र बनवलं तर त्या किमतीत मिळणार नाही. दोन आकडे द्या: तुमचा प्रत्यक्ष झालेला खर्च, आणि जुनं साहित्य नवं धरून व वर्कशॉपच्या तासांचे स्थानिक दराने पैसे लावून येणारा खर्च. दुसरा आकडा बॅटरी पंपापेक्षा जास्त आला तर शीर्षकातला 'कमी खर्चाचा' हा शब्द काढून टाका. मी एका गटाला तो काढायला लावला होता. मुलं नाराज झाली, पण अहवाल खरा राहिला.

यवतमाळच्या विषबाधेचा उल्लेख करावा का?

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. फवारणी यंत्राच्या अहवालात त्याचा उल्लेख असणं योग्यच आहे. पण तो तुमचं यंत्र विकण्यासाठी येऊ देऊ नका. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती आणि फवारा चेहऱ्याच्या उंचीला येत होता. औषधांची मिश्रणं आणि अंगावर संरक्षक कपडे नसणं, अशी इतर कारणंही होती. त्यातली बहुतेक तुमच्या यंत्राने सुटत नाहीत.

इथे थांबून स्वतःच्या यंत्राकडे नीट बघा. गाडी पुढे आहे, नोझल गाडीवर आहेत, आणि माणूस मागून ढकलत येतो. म्हणजे तो नुकत्याच फवारलेल्या ओल्या झाडांतून चालतो, आणि वारा समोरून असला तर फवारा थेट त्याच्याच अंगावर येतो. पाठीवरच्या पंपात अनुभवी माणूस वारा बघून नळी बाजूला धरतो. तुमच्या यंत्रात नोझल पक्की बसवलेली आहेत, ती बाजूला वळत नाहीत. त्यामुळे 'या यंत्रामुळे विषबाधेचा धोका टळतो' हे वाक्य खोटं आहे, आणि या विषयात खोटं वाक्य लिहिणं मला अक्षम्य वाटतं. पाठीवरची टाकी गळून कपडे भिजण्याचा प्रकार टळतो, एवढं म्हणता येतं. त्याहून जास्त म्हणायचं असेल तर गाडी मागे ओढायची करा, म्हणजे नोझल माणसाच्या मागे राहतील. काही गटांनी हा बदल याच परिच्छेदामुळे केला.

व्याप्ती आणि मर्यादा यात नेमकं काय लिहायचं?

यंत्र कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, ते शेतकऱ्याला कळेल अशा शब्दांत. सगळ्यात चांगली कसोटी आंतरमशागतीच्या डवऱ्याची आहे. जिथवर ओळींत डवरा फिरतो तिथवर तुमचं चाक फिरेल. कपाशीच्या फांद्या एकमेकींत गेल्या आणि डवरणी बंद झाली की तुमची गाडीही बंद. म्हणजे बोंडं भरताना, उशिरा होणाऱ्या फवारण्यांना हे यंत्र उपयोगाचं नाही. ही मोठी मर्यादा आहे. लपवून ठेवलीत तर विदर्भातला कुठलाही परीक्षक ती पहिल्या मिनिटात बाहेर काढेल.

दुसरी मर्यादा ओलाव्याची. काळ्या मातीत वाफसा नसताना गुणांक 0.3 च्या वर जातो. तोच हिशोब पुन्हा केला तर जोर 115 न्यूटन आणि शक्ती 80 वॅट येते, म्हणजे माणसाच्या सलग क्षमतेच्या पलीकडे. त्यात चाकाला चिकटणारा चिखल धरलेलाच नाही. म्हणून 'वाफसा आल्यावरच वापरावं' असं स्पष्ट लिहा.

तिसरी जरा नाजूक आहे. चाकावर चालणाऱ्या पंपाचा एक गुण असा की माणूस हळू चालला काय किंवा भरभर, दर मीटरला पडणारं पाणी जवळपास तेवढंच राहतं, कारण पिस्टनचे फेरे चाकाशी बांधलेले असतात. पण दाब तसा राहत नाही. नोझलमधला प्रवाह कमी झाला की दाब त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. वेग 20 टक्के घटला तर 3 बारचा दाब 1.9 बारवर येतो, थेंब मोठे होतात आणि पानावरून ओघळतात. ओळीच्या टोकाला वळताना हेच होतं. दाबकोठी बसवली असेल तर काही सेकंद निभावतं.

टाकी रिकामी होत आली की चाकावरचा भारही घटतो. पिस्टन एकाच बाजूने काम करणारा असेल तर जोर सारखा लागत नाही, दर फेऱ्याला तो सरासरीच्या तिपटीवर चढतो. त्या क्षणी हलकं झालेलं चाक सुट्या मातीत फिरायचं सोडून घसटत जातं आणि फवारा तुटतो. चाचणीत हे ओळखायची सोपी खूण म्हणजे मातीतला माग: नक्षी उमटत असेल तर चाक फिरतंय, नुसता चर पडत असेल तर घसरतंय. चाकाला दाते लावले की बरंच सुधारतं. टाकी पूर्ण भरूनच चाचणी घेणाऱ्या गटाला हा दोष कधी दिसतच नाही.

आधीच्या संशोधनाचा आढावा इथे किती यावा?

दोन-तीन वाक्यं. स्वतंत्र प्रकरण असतंच. मात्र पाठीवरच्या दांड्याच्या पिस्टन पंपासाठी IS 3906 हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख प्रस्तावनेत असू द्या, आणि ते खरंच उघडून वाचा.

वरच्या वर्षाच्या अहवालातून काही भाग घेतला तर?

समानता तपासणीत पकडला जातो, पण मला त्याहून मोठी अडचण दुसरी वाटते. एका गटाच्या प्रस्तावनेत यंत्र हाताने ढकलायचं होतं आणि चौथ्या परिच्छेदात 'सौर पॅनेलमुळे इंधनाची बचत होते' असं वाक्य होतं. पाचही जणांनी सही केली होती. त्यानंतर त्यांच्या खऱ्या मोजण्यांवरही कोणी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांच्या मोजण्या चांगल्या होत्या.

प्रस्तावना आधी लिहायची की शेवटी?

समस्या-विधान आणि उद्दिष्टं पहिल्या सत्रात, यंत्र बनवण्यापूर्वी लिहा आणि मार्गदर्शकाची तारखेसह सही घ्या. पार्श्वभूमी, व्याप्ती आणि मर्यादा चाचणीनंतर. मर्यादा शेतातच कळतात, त्या आधी लिहिल्या तर अंदाज होतात.

चाचणीत जोर 90 ऐवजी 105 न्यूटन आला तर उद्दिष्टातला आकडा गुपचूप 110 करू नका. उद्दिष्ट 90 च ठेवा, निकालात 105 लिहा आणि कारण शोधा. बहुधा सांगाड्याचं वजन वाढलेलं असतं, किंवा चाकाची बेअरिंग गंजलेली असते. कारण सापडलं तर तो एक परिच्छेद तुमच्या अहवालातला सगळ्यात वाचनीय परिच्छेद होईल.

एकूण लांबी किती? आणि 'आम्ही' वापरायचं का?

तीन ते चार पानं, एका आकृतीसह. आकृतीत यंत्राचा फोटो नको, दोन ओळींमध्ये गाडी, तिची तीन नोझल आणि मागचा माणूस कुठे आहे, एवढी रेखाकृती पुरे. 'आम्ही' की कर्मणी प्रयोग, ते तुमच्या विद्यापीठाच्या नमुन्यात असेल तसं. फक्त एक पाळा: शेतात जे तुम्ही मोजलं आणि जे पुस्तकातून घेतलं, ते वाक्यावरूनच वेगळं कळलं पाहिजे. वर मी वापरलेले 0.65 लिटर, 20 हापसे, सहा मिनिटं हे उदाहरणाचे आकडे आहेत. तुमच्या अहवालात त्या जागी तुमच्या गावच्या पंपाचे आकडे हवेत.